जमा झाले, पण कुणाकडून?

भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. मालक एकटाच, प्रोप्रायटर. मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग मशिनिंग करून देतो, महिन्याला पंधरा-वीस बिलं फाडतो. सोमवारी, २३ जूनला, त्याच्या करंट खात्यात २,३८,६२० रुपये आरटीजीएसने जमा होतात. स्टेटमेंटवर पाठवणाऱ्याचं नाव अर्धवट तुटलेलं आहे आणि जेवढं दिसतं, तेवढंही त्याच्या एकाही गिऱ्हाइकाशी जुळत नाही. येणे बिलांच्या यादीतही २,३८,६२० चं बिल नाही.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. रकमेच्या जवळपास बाकी असलेली पार्टी शोधायची आणि पैसे तिच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं. मग ज्याने खरे पैसे दिले, त्याला महिनाभराने वसुलीचा फोन जातो आणि ज्याने दिले नाहीत, त्याचं खातं आपल्याच वहीत चुकतं होऊन बसतं. म्हणून जमा झाल्या तारखेलाच ही रक्कम सस्पेन्स खात्यावर घ्यावी. बँकेची बाकी जुळते आणि कुठल्याही पार्टीचं खातं बिघडत नाही. विक्रीत तर ती मुळीच धरू नये. विक्री बिल केलं त्या दिवशीच झाली आहे. ती पुन्हा धरली, तर एकाच मालाचं उत्पन्न दोनदा दिसेल.

आता शोध. स्टेटमेंटवर यूटीआर नावाचा लांबलचक क्रमांक असतो. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो आणि तो वाचता येतो. समजा तो असा आहे:

```
SBINR52025062300000000
```

पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्याच्या बँकेची, म्हणजे इथे स्टेट बँक. पुढचं `R` आरटीजीएसचं, मग तारीख आणि शेवटचे आठ आकडे त्या व्यवहाराचा अनुक्रमांक. (इथे मी मुद्दाम शून्यं घातली आहेत.) आपल्या गिऱ्हाइकांपैकी स्टेट बँकेतून कोण पैसे पाठवतं, हे जुन्या स्टेटमेंटवरून काढलं की यादी एकदम तीन-चार नावांवर येते. नोंदीत आयएफएससी कोड पूर्ण दिसत असेल, तर पाठवणाऱ्याची शाखाही कळते. नाव ओळखीचं नसण्याचं कारण बहुधा साधं असतं. कंपनीने नाव बदललेलं असतं, पैसे समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यातून आलेले असतात, किंवा आपण ज्या नावाने पार्टीला ओळखतो ते दुकानाचं असतं आणि बँक खातं मालकाच्या नावावर.

एवढ्यानेही उलगडलं नाही, तर आपल्या शाखेला यूटीआर, तारीख आणि रक्कम देऊन लेखी विचारावं. स्टेटमेंटवर जागेअभावी कापलेलं पूर्ण नाव आणि सोबतचा शेरा बँकेच्या नोंदीत मिळू शकतो. पाठवणाऱ्याचा खाते क्रमांक बँक देईलच असं नाही, पण त्याच्या बँकेमार्फत निरोप पोचवण्याची विनंती करता येते.

दरम्यान गिऱ्हाइकांना विचारायचं, पण बेतानं. ‘तुम्ही २,३८,६२० पाठवलेत का?’ असा मेसेज सगळ्यांना टाकू नये. कुणीतरी ‘हो, आमचेच’ म्हणेल, कधी दोघंही म्हणतील. रक्कम न सांगता विचारावं, ‘२३ जूनच्या सुमारास आपण पेमेंट केलं असल्यास यूटीआर आणि बिलांचा तपशील पाठवा.’ ज्याने पैसे पाठवले, त्याच्याकडे यूटीआर असतोच. त्याआधी मात्र आपले सगळे ईमेल पाहावेत. मोठ्या कंपन्या पेमेंट ॲडव्हाइस पाठवतात, पण ती बऱ्याचदा कधीच सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या पत्त्यावर जाऊन पडते.

पैसे देणारा सापडला, तरी बिलं जुळायची बाकी असतात, आणि खरी गंमत इथे आहे. गिऱ्हाईक बिलाची पूर्ण रक्कम क्वचितच पाठवतं. मजुरीच्या कामावर कंपनी टीडीएस कापते, प्रोप्रायटरला एक टक्का. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल, तर कपात जीएसटीपूर्वीच्या रकमेवर होते. म्हणजे १८ टक्के जीएसटीच्या बिलावर १०० रुपयांच्या कामाचे हातात ११७ येतात. म्हणून आलेल्या रकमेला १.१७ ने भागून पाहावं. भागाकार एखाद्या बिलाच्या मूळ रकमेशी जुळला, तर शोध तिथेच संपला. आपल्या २,३८,६२० ला भागलं, तर २,०३,९४८ आणि वर काही पैसे येतात. म्हणजे आणखी काहीतरी कापलं गेलं आहे.

या पार्टीची दोन बिलं बाकी आहेत. ११२ नंबरचं ८४,००० चं, जीएसटीसह ९९,१२०. आणि ११८ नंबरचं १,२६,००० चं, जीएसटीसह १,४८,६८०. बेरीज २,४७,८००. दोन्हींच्या मूळ रकमेवर, २,१०,००० वर, टीडीएस २,१००. तो वजा केला की २,४५,७०० यायला हवे होते. आले ७,०८० कमी. या ७,०८० ला १.१८ ने भागा, नेमके ६,००० येतात. फरक असा गोल आकड्यावर उतरला की समजावं, जीएसटी धरून कुणीतरी वजावट केली आहे. चौकशी केली, तेव्हा कळलं की ११८ मधले काही भाग रिजेक्ट झाले होते आणि कंपनीने डेबिट नोट काढली होती.

रिजेक्शन मान्य असेल, तर आपण ७,०८० ची क्रेडिट नोट काढायची, म्हणजे ११८ ची बाकी १,४१,६०० होते. मग सस्पेन्समधले २,३८,६२० आणि टीडीएस येणे २,१०० मिळून २,४०,७२० पार्टीच्या खात्यावर जमा करायचे. ९९,१२० आणि १,४१,६०० यांची बेरीज तेवढीच आहे, दोन्ही बिलं मिटली. टॅलीत ही नोंद करताना `On Account` न ठेवता `Agst Ref` निवडून बिलनिहाय लावावी. रिजेक्शन मान्य नसेल, तर ७,०८० येणेच ठेवावेत. आणि टीडीएस कापला हे कंपनीच्या सांगण्यावर सोडू नये. तिने तिमाही विवरण भरल्यावर आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनसमोर तो दिसला पाहिजे.

कधी पार्टी नुसते गोल दोन लाख पाठवते आणि कुठल्या बिलाचे ते सांगतच नाही. त्याचं उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे, कलम ५९ ते ६१ मध्ये. देणाऱ्याने सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरून उघड असेल, तर त्याच बिलाला लावायचं. नसेल, तर घेणारा कुठल्याही कायदेशीर येण्याला लावू शकतो, अगदी मुदतबाह्य झालेल्यालाही. दोघांनीही ठरवलं नाही, तर जुनं बिल आधी.

आणि कुणाशीच जुळलं नाही, तर? त्याच कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून आलेले पैसे परत करावे लागतात. ते खर्च करू नका. पण ‘चुकून पाठवले, या दुसऱ्या नंबरवर परत करा’ असा फोन आला, तर एक रुपयाही त्या नंबरवर टाकू नका. पैसे फसवणुकीतले असू शकतात, आणि मग मूळ तक्रारीवरून गोठतं ते आपलं खातं. शाखेला लेखी कळवा, पोच घ्या आणि रक्कम ज्या खात्यातून आली, त्याच खात्यात बँकेमार्फत परत जाऊ द्या.