सगळ्या सरळ वाटांवर चढ, तरीही तळ नाही

१७५९ साली इटलीतल्या तुरीन शहरातल्या एका विद्वत्सभेच्या नियतकालिकात जोझेफ लुई लाग्रांज या तेवीस वर्षांच्या गणितज्ञाचा निबंध छापून आला. एखादं फल कुठे सर्वांत लहान होतं आणि कुठे सर्वांत मोठं, हा त्याचा विषय. फल एकाच चलाचं असेल, तर हे शोधायची रीत तेव्हा सर्वांना ठाऊक होती. लाग्रांजने तोच प्रश्न दोन आणि त्याहून अधिक चलांसाठी सोडवला. आज बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला शिकवली जाते ती कसोटी मुळात हीच आहे.

दोन चलांचं फल म्हणजे डोंगराळ प्रदेश समजावा. x पूर्वेकडे मोजायचा, y उत्तरेकडे, आणि f(x, y) ही त्या जागेची उंची. पूर्वेकडे पाऊल टाकलं तर उंची किती झपाट्याने वाढते हे एक आंशिक विकलज सांगतो, उत्तरेकडचं दुसरा सांगतो. या दोघांची जोडी म्हणजे ग्रेडियंट. सर्वांत खडा चढ ज्या दिशेला असेल तिकडे तो बोट दाखवतो. म्हणून ग्रेडियंट शून्य नसेल, तर त्याच्या उलट दिशेने थोडं सरकलं की आपण आणखी खाली पोचतो; अशी जागा तळ असूच शकत नाही. तळ किंवा शिखर शोधायचं, तर आधी दोन्ही आंशिक विकलज एकाच वेळी शून्य होणाऱ्या जागा काढायच्या.

f = x³ + y³ − 3xy हे फल घेऊ. त्याचे आंशिक विकलज 3x² − 3y आणि 3y² − 3x. दोन्ही शून्य मानले की y = x² आणि x = y² मिळतं, म्हणजेच x = x⁴. x ची वास्तव किंमत ० किंवा १ एवढीच निघते. त्यामुळे तपासायला दोनच बिंदू उरतात: (0, 0) आणि (1, 1).

पण जमीन सपाट लागली म्हणजे तळ सापडला, असं नाही. तिथे शिखर असेल किंवा खिंडही असेल. खिंडीतून जाणारी वाट तिथे सर्वांत उंच असते, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना मात्र डोंगर वर चढत जातो. हा फरक ओळखायला दुसऱ्या पायरीचे विकलज लागतात. x च्या दिशेची वक्रता r, y च्या दिशेची t आणि दोन्ही दिशांना जोडणारा मिश्र विकलज s. हे आकडे दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या चौकटीत मांडले की त्या चौकटीला हेसियन म्हणतात. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या ओटो हेस या जर्मन गणितज्ञावरून पडलं. चौकटीचा निश्चयक D = rt − s².

हा निश्चयकच का, हे पाहण्यासारखं आहे. सपाट बिंदूपासून h आणि k इतकं सरकलं, तर उंचीतला बदल साधारणपणे rh² + 2shk + tk² याच्या निम्मा असतो. या राशीत वर्ग पूर्ण केला की ती अशी दिसते:

r(h + sk/r)² + ((rt − s²)/r)k²

इथे दोन वर्ग आहेत, आणि वर्ग कधी ऋण होत नाहीत. r धन आणि D धन असेल, तर दोन्ही पदं वरच नेतात, म्हणजे तो तळ. r ऋण आणि D धन असेल, तर दोन्ही खाली नेतात, म्हणजे ते शिखर. D ऋण असेल, तर एक पद वर ओढतं आणि दुसरं खाली, ती खिंड. (r शून्य असेल तर ही मांडणी चालत नाही, पण D ऋण असल्यास निष्कर्ष तोच राहतो.)

आपल्या फलात r = 6x, t = 6y, s = −3, म्हणून D = 36xy − 9. (1, 1) पाशी D २७ आणि r ६. तो तळ आहे, आणि तिथली उंची −१. (0, 0) पाशी D उणे ९, म्हणजे खिंड. पडताळा घ्यायचा तर मूळ बिंदूजवळ y = x या रेषेवर चालावं: f = 2x³ − 3x², दोन्हीकडे उतार. y = −x वर f = 3x², दोन्हीकडे चढ. नुसत्या अक्षांवर पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथे r आणि t दोन्ही शून्य आहेत. विद्यार्थी नेमके इथेच फसतात. r आणि t धन दिसले की s कडे न बघता ते ‘तळ’ लिहून मोकळे होतात. x² + 3xy + y² मध्ये r आणि t दोन्ही २ आहेत, पण s ३ असल्याने D उणे ५ येतो, आणि y = −x वर फल −x² होऊन खाली घसरतं.

कसोटी बोलते ती बिंदूच्या आसपासच्या जमिनीबद्दलच. (1, 1) हा तळ खरा, पण (−10, 0) पाशी तेच फल उणे १००० पर्यंत उतरलेलं असतं. एकूण प्रदेशात सर्वांत खालची जागा या फलाला नाहीच.

उरतो तो D = 0 चा प्रसंग. १८८४ साली तुरीनमध्येच कलनाचं एक पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर प्राध्यापक आंजेलो जेनोक्की यांचं नाव होतं, पण लिहिलं होतं त्यांचे तरुण सहायक ज्युसेप्पे पेआनो यांनी. जेनोक्कींनी आपला त्यात हात नसल्याचं जाहीरही केलं. त्या काळच्या नामांकित पाठ्यपुस्तकांतल्या चुका पेआनो यांनी पुस्तकाच्या टिपांमध्ये दाखवल्या होत्या. त्यातली एक चूक फ्रेंच लेखक सेरे यांच्या पुस्तकातली होती: बिंदूतून जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर तळ आढळला की तो बिंदू तळच, असं मानणं. पेआनो यांनी एका फलाने ही समजूत मोडून काढली. त्याचं आज शिकवलं जाणारं रूप असं:

f = (y − x²)(y − 2x²)

मूळ बिंदूपाशी ग्रेडियंट शून्य आहे. r = 0, s = 0, t = 2, म्हणून D = 0. आता y = mx या रेषेवर चाललं तर f = x²(m − x)(m − 2x). m धन घेतला, तर x हा m/2 पेक्षा लहान असेपर्यंत ही राशी ऋण होत नाही. ऋण m चंही तसंच. आडव्या रेषेवर f = 2x⁴ आणि उभ्या रेषेवर y², म्हणजे तिथेही चढच. कोणत्याही सरळ रेषेवर मूळ बिंदू निर्विवाद तळ दिसतो.

मग y = 1.5x² या वक्रावरून जावं. पहिला कंस 0.5x² होतो, दुसरा −0.5x², आणि f = −x⁴/4. x = 0.1 आणि y = 0.015 घेतलं की उंची −०.००००२५. मूळ बिंदूच्या कितीही जवळ गेलं तरी या वक्रावर जमीन खालीच असते. म्हणजे तो बिंदू तळ नाही.

असं होतं, कारण प्रत्येक रेषेला सुरक्षित पट्टा असला तरी सगळ्या रेषांचा मिळून एक पट्टा नाही. m = 0.1 च्या रेषेवर ऋण भाग x = 0.05 पासून सुरू होतो, m = 0.01 च्या रेषेवर 0.005 पासूनच. रेषा जितकी आडवी, तितका पट्टा आखूड. D धन असताना हे घडत नाही, कारण तेव्हा सर्व दिशांची वक्रता एका ठरावीक धन आकड्याच्या वरच राहते.

D शून्य आला की हेसियनकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. x⁴ + y⁴ आणि x⁴ − y⁴ या दोन्हींत मूळ बिंदूपाशी D शून्यच; पहिल्यात तळ आहे, दुसऱ्यात खिंड. अशा वेळी फलाचे अवयव पाडावेत, ते कुठे शून्य होतं त्या रेषा आणि वक्र कागदावर काढावेत, आणि त्यांनी पाडलेल्या प्रत्येक भागात चिन्ह तपासावं. पेआनो यांच्या फलात y = x² आणि y = 2x² हे दोन पॅराबोला काढले की त्यांच्या मधली अरुंद चिमट ऋण असल्याचं लगेच दिसतं. संगणकावर काम करणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. आकडेमोडीत D चं उत्तर नेमकं शून्य न येता शून्याच्या अगदी जवळचा एखादा आकडा येतो, आणि तो धन की ऋण हे दशांशांच्या काटछाटीवरही ठरू शकतं. r, s आणि t यांच्या मानाने D नगण्य निघाला, तर त्याच्या चिन्हावर न विसंबता फलाच्या किमती बिंदूभोवती काढून पाहाव्यात, आणि त्या केवळ सरळ रेषांवर काढून थांबू नये.