वापर तुमचा, हिशेब त्यांचा

‘तुमची जागा ८० टक्के भरली आहे.’ गूगलकडून अशा अर्थाची मेल बहुतेकांना कधी ना कधी येते. फुकट मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो अशा तिघांत वाटलेली असते. १ जून २०२१ पासून कमी दर्जात साठवलेले फोटोही त्यात मोजले जाऊ लागले आणि ही मेल घराघरांत पोहोचली. या मेलमध्ये जाहिरात फारशी नसते. असतो तो आपलाच एक आकडा, जागा संपली तर मेलची ये-जा थांबेल ही सूचना आणि शेजारी मोठ्या प्लॅनचं बटण.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना हा प्रकार फार आवडतो, कारण नवा ग्राहक मिळवण्यापेक्षा जुन्याला वरच्या प्लॅनवर नेणं सहसा स्वस्त पडतं. शिवाय सगळ्यांना एकच मेल धाडण्याऐवजी मर्यादेजवळ आलेल्यांनाच गाठता येतं. पण आकडा ग्राहकाचा असला, तरी तो कोणत्या महिन्याचा दाखवायचा हे कंपनी ठरवते. खरी मेख तिथे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कपड्याच्या दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. महिना ९९९ रुपयांत १,००० बिलं, पुढच्या प्रत्येक बिलाला २ रुपये जादा. वरचा प्लॅन १,७९९ रुपयांचा, त्यात ३,००० बिलं. दोन्हींतला फरक ८०० रुपयांचा, म्हणजे ४०० जादा बिलांचा. महिन्याला १,४०० च्या पुढे बिलं होत असतील तरच वरचा प्लॅन परवडतो.

दुकानात जुलैला १,१५०, ऑगस्टला १,२२०, सप्टेंबरला १,३१०, ऑक्टोबरला १,९०० आणि नोव्हेंबरला १,२४० बिलं झाली. ऑक्टोबरात दिवाळीची खरेदी होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंपनीची मेल येते: ‘गेल्या महिन्यात तुम्ही ९०० जादा बिलं केलीत, त्याचे १,८०० रुपये भरलेत. वरच्या प्लॅनवर असता, तर हजार रुपये वाचले असते.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण पाचही महिन्यांची बेरीज केली, तर जादा बिलं १,८२० भरतात, त्यांचे ३,६४० रुपये. त्याच पाच महिन्यांत वरच्या प्लॅनला ४,००० जादा मोजावे लागले असते. मेल ऐकून जुलैपासूनच प्लॅन बदलला असता, तर दुकानदाराचे ३६० रुपये जास्तच गेले असते!

ही मेल नीट लिहायची तर आधी चढ आणि उसळी यांत फरक करावा लागतो. सप्टेंबरपर्यंत बिलं दरमहा वाढत होती, तो चढ. ऑक्टोबर ही उसळी. जाणती कंपनी सणाचा महिना बाजूला ठेवून बाकीचे महिने बघते. चढ टिकला आणि आकडा १,४०० कडे सरकला, तर तेव्हा लिहिते. नाहीतर ‘फक्त ऑक्टोबरपुरता वरचा प्लॅन घ्या, नंतर खाली या’ असं सप्टेंबरातच सुचवते. यात कंपनीचे तात्पुरते चार पैसे बुडतात, पण ग्राहक वर्षअखेरीस हिशेब मांडतो तेव्हा रागावून निघून जात नाही.

मेल कोणाला जाते हेही बघण्यासारखं. बिलं करणारा मुलगा रोज सॉफ्टवेअर उघडतो, पण पैसे मालक देतो. मुलाला गेलेली मेल तशीच पडून राहते. आणि मालकाची छपाईबद्दलची तक्रार आठवडाभर लटकलेली असताना ‘अभिनंदन, तुमचा व्यवसाय वाढतोय’ अशी मेल आली, तर तो प्लॅन वाढवायचं सोडून दुसरं सॉफ्टवेअर शोधायला लागतो. म्हणून उघडी तक्रार असलेल्यांची नावं यादीतून आधी वगळणं हे साधं शहाणपण. अनेक कंपन्या तेवढंही करत नाहीत.

आकड्यात काय काय मोजलंय, हा प्रश्न मात्र ग्राहकानेच विचारायचा. मेलचिंप ही मेल पाठवण्याची सेवा २०१९ पासून, ज्यांनी मेल नको म्हणून सांगितलंय अशांनाही संपर्कांच्या संख्येत धरू लागली. संग्रहात टाकलेले संपर्क मात्र मोजले जात नाहीत. म्हणजे यादी साफ केली, तर काहींना वरच्या प्लॅनची गरजच उरत नाही. बिलिंगमध्ये रद्द केलेली बिलं मोजली जातात का, हेही असंच विचारून घ्यावं.

तेव्हा अशी मेल आली की बटण दाबण्याआधी मागच्या सहा महिन्यांचे आकडे काढा, जादा दिलेल्या पैशांची बेरीज करा आणि ती दोन प्लॅनमधल्या सहा महिन्यांच्या फरकाशी ताडून बघा. खाली परतायची सोय आहे का आणि महिन्याच्या मध्यावर प्लॅन बदलला तर उरलेल्या दिवसांचेच पैसे घेणार का, हे उलट मेल करून लेखी विचारा.