साबणाचं बिल कोणाचं?

मँचेस्टर हे इंग्लंडमधलं गिरण्यांचं शहर. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे कपडे वाळत घालायचे म्हणजे मोठीच पंचाईत! धुतलेला पांढराशुभ्र सदरा दोरीवर टाकला, की धुराड्यांतली काजळी त्यावर येऊन बसायची. पुन्हा साबण, पुन्हा घासाघीस. गिरणीमालकाच्या वहीत कापूस, कोळसा, मजुरी असा सगळा खर्च लिहिलेला असे. साबणाचा खर्च तेवढा नसे. तो धुणाऱ्याच्या खिशातून जाई.

केंब्रिजचे प्राध्यापक आर्थर पिगू यांनी 1920 साली एका जाडजूड पुस्तकात यावर तोडगा मांडला. ज्याच्यामुळे नुकसान होतं, त्याच्याकडूनच तेवढा कर घ्यायचा. मग तो खर्च त्याच्या वहीत येतो आणि तो स्वतःच विचार करू लागतो, धूर कमी करणं स्वस्त की कर भरणं?

काजळी निदान दिसते. पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. मग त्यावर कर लावायचा कसा? प्रत्येक गाडीमागे तराजू घेऊन पळायचं?

स्वीडनने 1991 साली हा कर लावला, तेव्हा धूर मोजलाच नाही. मोजलं ते इंधन! एक लिटर पेट्रोल भरतं जेमतेम पाऊण किलो, पण जळल्यावर त्यातून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चूक नाही हं छपाईची. जळताना दर 12 ग्रॅम कार्बन हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून वजन वाढतं. तेव्हा लिटर कळले, की वायू किती ते कळलंच. कर होता टनाला 250 क्रोनर, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे साधारण अर्ध्या क्रोनरहून थोडा जास्त. पुढे दर चढत चढत पाचपटीच्या वर गेला.

खरी गंमत झाली भट्ट्यांमध्ये. स्वीडनमधल्या कित्येक शहरांत एका मोठ्या भट्टीवर पाणी तापवतात आणि नळांतून घरोघर पाठवतात. कोळशावर कर बसला, लाकडाच्या चिपांवर नाही. कारण झाडाने तो कार्बन अलीकडेच हवेतून घेतलेला असतो आणि नवं झाड वाढताना तो पुन्हा घेतं. भट्टीवाल्यांनी आकडेमोड केली आणि जंगलतोडीनंतर उरलेल्या फांद्या-ढलप्या भट्टीत जाऊ लागल्या.

कारखान्यांचं मात्र सरकारला भय वाटलं. हे उठून दुसऱ्या देशात गेले तर? म्हणून 1993 पासून त्यांना पाव करच लावला. आता पाव करात कोण भट्टी बदलायची घाई करणार! ही सवलत कमी होत होत 2018 साली बऱ्याच कारखान्यांसाठी बंद झाली.