सात दिवसांची फट

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, पण त्यातल्या 7 गोळ्यांचा गर्भ रोखण्याशी काहीएक संबंध नसतो. त्या लोहाच्या गोळ्या. पाळीत रक्त जातं, तेवढीच शरीराला भरपाई, आणि रोजची सवय मोडू नये हा दुसरा हेतू. खरं काम करतात त्या पहिल्या 21. त्यांच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि एथिनिल एस्ट्राडिऑल अशी दोन संप्रेरकं असतात, म्हणून त्यांना संयुक्त गोळ्या म्हणतात. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे मिळणारी माला-एन असो, नाहीतर दुकानातली महागडी गोळी असो, बहुतेकींची रचना 21 अधिक 7 हीच असते.

गोळी विसरली तर काय करायचं, याचे नियम पाठ करायला किचकट वाटतात. पण अंडाशयात काय चाललेलं असतं ते एकदा समजलं, की नियम आपोआप सुचतात. संप्रेरकं रोज मिळत असली, की मेंदूखालची ग्रंथी अंडाशयाला बीज पिकवण्याचा निरोप पाठवत नाही. अंडाशय झोपतं. ते नीट झोपायला सलग 7 गोळ्या लागतात. लोहाच्या गोळ्यांचा आठवडा लागला की त्याची झोप चाळवते, एखादं बीज वाढायला सुरुवातही होते; मात्र ते फुटून बाहेर पडण्याआधी नव्या पाकिटातली पहिली गोळी पोटात जाते आणि सगळं पुन्हा शांत. म्हणजे ही 7 दिवसांची फट मुद्दाम ठेवलेली आहे. धोका होतो तो ही फट रुंदावली की.

समजा, एका बाईचं जुनं पाकीट शनिवारी संपलं. रविवारी नवं सुरू करायचं होतं, पण ती लग्नासाठी माहेरी गेली आणि पाकीट सासरच्या कपाटात राहिलं. परत आल्यावर बुधवारी तिच्या लक्षात आलं. रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन गोळ्या चुकल्या. ‘तीनच तर’ असं तिला वाटेल, पण तिचं अंडाशय सलग 10 दिवस संप्रेरकांविना राहिलेलं आहे. तिनं आठवेल त्या क्षणी एक गोळी घ्यावी, पुढच्या रोजच्या वेळी घेत राहाव्यात आणि सलग 7 गोळ्या होईपर्यंत, म्हणजे पुढच्या मंगळवारपर्यंत, निरोध वापरावा. सोमवारी संबंध आला असेल, तर निरोधाचा सल्ला उशिराचा ठरतो. अशा वेळी 72 तासांच्या आत तातडीची गोळी, किंवा 5 दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं, हे उपाय असतात. पूर्वीच्या दिवसांत चुकलेल्या सगळ्या गोळ्या एकदम गिळून हिशेब जुळत नाही. मळमळ मात्र नक्की होते.

हीच चूक पाकिटाच्या मध्यावर झाली असती तर? आधी 7 गोळ्या नीट घेतलेल्या असल्या, तर अंडाशय गाढ झोपलेलं असतं आणि एखाद-दोन दिवसांच्या खंडानं ते जागं होत नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र पुन्हा सावध व्हायला हवं, कारण पुढे लोहाच्या गोळ्यांची फट येतेच आहे. शेवटच्या तीन गोळ्या चुकल्या आणि त्यावर सात दिवस गेले, तर पुन्हा तेच 10 दिवस. उपाय सोपा आहे: उरलेल्या संप्रेरकाच्या गोळ्या संपवायच्या, लोहाच्या टाकून द्यायच्या आणि दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट फोडायचं. सात गोळ्या होईपर्यंत निरोध इथेही हवाच. त्या महिन्यात पाळी येणार नाही, आणि ते अपेक्षितच आहे. लोहाची गोळी विसरली तर काहीच बिघडत नाही.

किती गोळ्या चुकल्या की निरोध लागतो, यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक वर्षं वापरात असलेल्या तक्त्यात हा आकडा 3 आहे, तर अमेरिकेतल्या सीडीसीच्या नियमांत 2. ज्यांना अजिबात जोखीम नको, त्यांनी 2 धरावा. अगदी काटेकोर घेतल्यास वर्षभरात हजारांतल्या 3 बायकांना दिवस जातात. प्रत्यक्षात, विसराविसरीसकट, हा आकडा 70 च्या आसपास जातो.

पण काही बायकांची एकही गोळी चुकत नाही आणि तरी दिवस राहतात.

1971 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. क्षयासाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्या आणि जोडीला गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना महिन्याच्या मधेच रक्ताचे डाग दिसू लागले होते. पुढे त्यांच्यातल्या काहींना दिवस गेल्याचंही समोर आलं. कारण यकृतात होतं. रिफॅम्पिसिन तिथल्या विकरांची संख्या वाढवतं आणि ही वाढलेली फौज गोळीतली संप्रेरकंही झपाट्यानं मोडून टाकते. बाई रोज पूर्ण गोळी गिळते, पण रक्तात टिकते ती तिचा अंश. एका अर्थी तिची गोळी रोजच चुकत असते. मधेच डाग दिसणं ही याची खूण असू शकते. डाग नाहीत म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल ही नेहमीची प्रतिजैविकं गोळीचा परिणाम कमी करत नाहीत. पूर्वी डॉक्टरही तसं सांगत, म्हणून ती भीती अजून घराघरांत टिकून आहे. त्या आजारपणात उलट्या किंवा जोराचे जुलाब झाले, तर मात्र गोळी अंगी लागत नाही. गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यावी; दोन दिवसांहून जास्त चालले तर ते दिवस चुकलेलेच धरावेत.

रिफॅम्पिसिनसारखीच करामत फिट येण्यावरच्या काही औषधांची: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन. ही वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे निरोधावर वेळ मारून नेता येत नाही. लॅमोट्रिजिनचं उलट आहे. तिथे गर्भनिरोधक गोळीच औषधाची रक्तातली पातळी खाली आणते आणि फिट परत येऊ शकते. म्हणून फिटचं औषध घेणाऱ्या बाईनं गोळी सुरू किंवा बंद करण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आपल्याकडे सर्वांत जास्त गाठ पडते ती टीबीशी. नेहमीचा उपचार 6 महिन्यांचा आणि रिफॅम्पिसिन पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. त्यासाठी माला-एनवरची बाई टीबीच्या औषधावर गेली, की तिच्यापुढे दोन चांगले पर्याय असतात. एक तांबी; तिच्यात संप्रेरक नाही, त्यामुळे विकरांना मोडायला काही मिळत नाही (टीबी जननमार्गाचा असेल तर मात्र ती बसवत नाहीत). दुसरं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन. त्यावर रिफॅम्पिसिनचा परिणाम होत नाही. तातडीची गोळीही याच विकरांच्या तावडीत सापडते, त्यामुळे तिच्यावर नेहमीच्या भरवशानं विसंबता येत नाही.

आणि औषध संपलं की लगेच माला-एनवर परतता येत नाही. वाढलेली विकरं ओसरायला सुमारे 4 आठवडे लागतात. रिफॅम्पिसिनची शेवटची गोळी 30 जूनला घेतली असेल, तर 28 जुलैपर्यंत तांबी, इंजेक्शन किंवा निरोध यांपैकी जे चालू असेल ते तसंच चालू ठेवायचं.