फ्रिजच्या जाहिरातीत फोटोग्राफर का दिसत नाही?

स्टीलचा दरवाजा म्हणजे धूसर आरसाच. बीडच्या एखाद्या दुकानात मोबाईलने फ्रिजचा फोटो काढला, की त्यात ट्यूबलाइट, शटर आणि फोटो काढणाराही उमटतो. फ्लॅश मारला तर पांढरा डागच पडतो.

म्हणून स्टुडिओत दिवा थेट फ्रिजवर धरत नाहीत. एका बाजूला दरवाजाएवढा उंच पांढरा पडदा लावून त्यावर उजेड पाडतात आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला, तितक्याच तिरक्या कोनात ठेवतात. मग दरवाजात फक्त पडदा दिसतो. काचेवरची चमक पोलरायझर फिल्टरने कमी होते; उघड्या स्टीलपुढे त्याचं फारसं चालत नाही.

मागचं स्वयंपाकघर अनेकदा संगणकावर जोडलेलं असतं. खिडकी डावीकडे, हँडलची चमक उजवीकडे आणि फ्रिजखाली सावलीच नाही, तर तो तिथे कधी नव्हताच.