आरशासमोरचं गणित

बी.एड.ला असताना सराव पाठाला साडी सक्तीची होती. आठवीचा वर्ग, गणिताचा पाठ आणि शेवटच्या बाकावर निरीक्षक बाई वही उघडून बसलेल्या. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला मी हात उंचावला आणि मागे मुलांमध्ये खसखस पिकली. पदराची पिन सुटली की काय, पाठ उघडी पडली की काय, एवढंच डोक्यात आलं. डाव्या हाताने पदर चाचपत उजव्या हाताने मी सात अठ्ठे चोपन्न लिहून मोकळी झाले. पहिल्या बाकावरच्या मुलीने चूक दाखवली, निरीक्षक बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. तास संपल्यावर पाहिलं, तर पिन जागच्या जागी होती. मुलं कशाला हसली हे कधीच कळलं नाही. बहुधा त्यांचं त्यांचंच काहीतरी चाललं असावं.

त्या चोपन्नाचा अर्थ लागायला बरीच वर्षं जावी लागली. तो लागला बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रियांच्या लेखनातून. 1997मध्ये दोघींनी वस्तूकरणाचा सिद्धांत मांडला. मुलगी वयात यायला लागते तसं तिच्या शरीराकडे बघणं, त्याला जोखणं, त्यावर शेरे मारणं सुरू होतं. रस्त्यावर होतं, जाहिरातीत होतं, घरातही होतं. हे वर्षानुवर्षं चाललं की बघणाऱ्याची ती नजर मुलगी स्वतःच उचलते आणि मग समोर कुणी असो वा नसो, मनातल्या मनात स्वतःला बाहेरून न्याहाळत राहते. या सवयीला त्यांनी नाव दिलं स्व-वस्तूकरण.

याला नट्टापट्टा किंवा न्यूनगंड समजू नये. ही सवय मोजण्याची जी प्रश्नावली पुढे तयार झाली, तिच्यात शरीराच्या दहा गोष्टी दिलेल्या असतात. पाच दिसण्याच्या, उदाहरणार्थ वजन किंवा आकर्षकपणा. आणि पाच शरीराला काय जमतं याच्या, उदाहरणार्थ ताकद किंवा तब्येत. तुमच्या लेखी यातलं काय जास्त महत्त्वाचं, त्याचा क्रम लावायचा. दिसण्यावर तुम्ही खूश आहात का, हा प्रश्नच तिथे नाही. आरशातल्या आपल्या रूपावर बेहद्द खूश असलेल्या बाईचं लक्षसुद्धा दिवसभर तिथेच अडकलेलं असू शकतं.

सिद्धांत मांडणं एक, तो तपासणं वेगळं. 1998मध्ये या दोघींनी आणखी तीन सहकाऱ्यांसोबत केलेला प्रयोग आज या विषयाच्या प्रत्येक चर्चेत निघतो. 42 विद्यार्थिनी आणि 40 विद्यार्थी त्यात होते. त्यांना सांगितलं होतं की हा ग्राहकांच्या भावनांचा अभ्यास आहे, काही वस्तू वापरून बघायच्या आणि मत द्यायचं. खरा हेतू झाकून ठेवला होता. प्रत्येकाला एकेकट्याला एका खोलीत नेलं. तिथे पूर्ण उंचीचा आरसा होता. निम्म्यांना घालून बघायला स्वेटर मिळाला, निम्म्यांना पोहण्याचा पोशाख. मुलींना एकसंध, मुलांना चड्डी. कपडे घालून आरशात पाहायचं, ‘मी अमुक आहे’ अशी वाक्यं पूर्ण करायची, आणि कपडे अंगावर असतानाच गणिताची एक चाचणी सोडवायची. गणितं सोपी नव्हती, व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेतली होती.

पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. मुलांच्या गुणांत पोशाखाने फरक पडला नाही. चड्डी घालून मुलांनाही अवघडल्यासारखं झालंच होतं, पण ते ‘काय हा बावळटपणा’ या जातीचं. मुलींच्या उत्तरांत किळस आणि शरम होती.

मला यात सर्वांत बोलकी वाटते ती रिकामी खोली. दार बंद, आत कुणी नाही, कुणी येणारही नाही. तरीही आरशासमोरच्या मुलीच्या डोक्यात एक बघ्या उभा होता आणि गणितासाठी लागणारं लक्ष त्याच्याकडे जात होतं.

शंकेखोर वाचक इथे अडवेल आणि त्याने अडवायलाच हवं. मुलींना गणित जमत नाही हा समज अमेरिकेतही जुनाच आहे. अंगावरच्या पोशाखाने ‘मी मुलगी आहे’ याची आठवण करून दिली, त्यासरशी तो समज वर आला आणि त्या बिचकल्या, असंही झालेलं असू शकतं. मग लक्ष विभागलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही. हा गुंता सोडवायचा तर असं काम हवं, ज्यात मुली कमी पडतात असं कुणीच म्हणत नाही.

असं काम तयारच होतं. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावायचं. करून बघा, जीभ अडखळतेच. वाचण्याची सवय आवरायला लक्ष खर्चावं लागतं, म्हणून किती लक्ष हाताशी शिल्लक आहे हे पाहायला मानसशास्त्रात ही चाचणी सर्रास वापरतात. डायन क्विन आणि सहकाऱ्यांनी 2006मध्ये स्वेटर आणि पोहण्याच्या पोशाखाचाच प्रयोग पुन्हा केला, गणिताच्या जागी ही चाचणी घेऊन. पोहण्याच्या पोशाखातल्या स्त्रिया हळू पडल्या. त्यातही लक्षात घेण्याजोगं म्हणजे त्या सगळ्याच प्रकारच्या शब्दांवर हळू पडल्या. शब्द शरीराशी संबंधित असोत की नसोत, वेळ वाढलाच. रंग ओळखण्यात बायका कच्च्या, असा समज कुठेच नाही. तेव्हा बुद्धी होती तितकीच होती, तिच्या वाट्याला येणारं लक्ष घटलं होतं, हे स्पष्टीकरण अधिक पटतं.

मग पुरुष यातून सुटले कसे? 2004मध्ये मिशेल हेबल आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट हेरली. पहिल्या प्रयोगातली पुरुषांची चड्डी सैल होती. ती घालून माणूस चौपाटीवर भेळ खाऊन येईल. स्त्रियांच्या तंग पोशाखाशी तिची बरोबरी कशी होणार? त्यांनी पुरुषांना स्पर्धेतले जलतरणपटू घालतात तशी तोकडी, घट्ट चड्डी दिली आणि चार वेगवेगळ्या वांशिक गटांतले एकूण 400 स्त्री-पुरुष घेतले. या वेळी पुरुषांचेही गुण घसरले, आणि चारही गटांत घसरले. शरीराची लाज मात्र इथेही स्त्रियांना जास्त वाटली. म्हणजे हा बायकी मेंदूचा गुणधर्म वगैरे काही नाही. तशा अवस्थेत कुणालाही ढकलता येतं. पुरुषाला ढकलायला तोकडी चड्डी शोधून आणावी लागते, आणि बाईला बसस्टॉपवर उभं राहिलं तरी पुरतं.

या प्रयोगांवरून ‘म्हणूनच मुलींनी अंगभर कपडे घालावेत’ असा निष्कर्ष काढणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांनी माझी बी.एड.ची साडी आठवावी. सहा वार अंगावर असूनही सात अठ्ठे चोपन्न झालेच होते. आणि पुराव्यासाठी कपड्यांना हातही न लावलेला एक प्रयोग आहे. तमार सागी आणि सहकाऱ्यांनी 2010मध्ये तो प्रसिद्ध केला. दोनशेहून अधिक स्त्री-पुरुषांना त्यांनी दोन मिनिटं स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं. समोरची व्यक्ती दुसऱ्या खोलीत बसून हे पाहते आहे असं सांगितलं होतं. काहींच्या बाबतीत कॅमेरा चेहऱ्यावर होता, काहींच्या बाबतीत मानेखाली, तर काहींचा फक्त आवाज जाणार होता. कॅमेरा मानेखाली आहे आणि बघणारा पुरुष आहे असं ज्या स्त्रियांना वाटत होतं, त्या बाकी सगळ्यांपेक्षा कमी बोलल्या. अंगावर आपापलेच कपडे होते. बदलली होती ती कॅमेऱ्याची जागा.

आता या सगळ्याच्या मर्यादा. पहिल्या प्रयोगात माणसं अवघी 82, आणि तीही चार गटांत वाटलेली. एवढ्या लहान आकड्यांत योगायोगाला बराच वाव राहतो. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत कामगिरीची घसरण दिसलेली नाही. शिवाय यातलं बहुतेक काम अमेरिकी महाविद्यालयांतल्या तरुण मुलामुलींवर झालेलं आहे.

त्याहून अवघड अडचण यंत्रणेची आहे. सारा जर्व्हेस आणि सहकाऱ्यांचा 2011चा प्रयोग घ्या. त्यात मुलाखत घेणारा माणूस आधीच शिकवून ठेवलेला होता. तो समोरच्या व्यक्तीवरून वरपासून कमरेपर्यंत नजर फिरवायचा आणि बोलता बोलता छातीकडे बघायचा. पुरुषांना अशीच नजर देण्यासाठी स्त्री होती. नंतर दिलेल्या गणितांत स्त्रियांचे गुण घटले, पुरुषांचे नाही. इथवर सिद्धांताबरहुकूम. पण ‘तुम्ही आत्ता स्वतःच्या दिसण्यावर किती लक्ष ठेवून आहात’ याची मोजणी केली, तेव्हा टक लावलेल्या आणि न लावलेल्या स्त्रियांत फरक निघाला नाही. मग ते गुण गेले कशामुळे? स्वतःवरच्या पाळतीमुळे, रागामुळे, की ‘हा असा का बघतोय’ या विचारामुळे? मला तरी वाटतं, की हे प्रश्नावलीतून धरणं अवघडच आहे. दिसण्याचा विचार करतेस का असं विचारलं की न करणारीही करायला लागते. टक लावण्याने नुकसान होतं हे या प्रयोगात दिसलं, त्याची वाट मात्र सिद्धांत सांगतो तीच आहे हे दिसलं नाही. लोकप्रिय लेखांत पहिला भाग छापला जातो आणि दुसरा गाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्या खोलीतल्या उंच आरशाचं हल्ली एक नवं रूप आपल्या टेबलावर आलं आहे. ऑनलाइन मीटिंगमध्ये कोपऱ्यातल्या चौकोनात आपण स्वतःलाच तासन्‌तास बोलताना बघतो. 2021मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा हजारांवर लोकांना अशा बैठकांच्या थकव्याबद्दल विचारलं. खूप किंवा अतिशय थकवा येतो असं सांगणाऱ्या स्त्रिया सातात एक होत्या, पुरुष वीसात एक. या तफावतीमागे सर्वांत मोठा वाटा निघाला तो पडद्यावर सतत स्वतःला बघत राहण्याचा. ही पाहणी थकव्याची आहे, बुद्धीच्या चाचणीची नाही, तेव्हा तिच्यावर फार मोठे इमले बांधू नयेत.

पण इथे उपाय फुकटचा आहे. झूमवर स्वतःच्या चित्रावर राइट-क्लिक करून Hide Self View निवडायचं. बाकीच्यांना तुम्ही पूर्वीसारख्याच दिसत राहता. फक्त तुमच्या समोरून तो चौकोन जातो.