फोटोतला गुलाल आणि चेहऱ्याचा रंग

जोतिबाच्या डोंगरावर काढलेला फोटो स्थळासाठी पाठवायचा असला, की घरचे सांगतात, 'व्हाइट बॅलन्स कर, म्हणजे जरा गोरी दिसेल.' व्हाइट बॅलन्स (उजेडाची छटा काढून पांढऱ्याला पांढरं दिसू देणं) गोरं करण्यासाठी नसतो. दुकानातल्या दिव्याखाली वेगळी वाटलेली साडी आपण दारात नेऊन बघतो, तेव्हा साडी बदलत नाही, तिचा खरा रंग कळतो. हेही तसंच.

देवळाभोवती सगळीकडे गुलाल असतो. त्यावरून परतणारा उजेड तोंडावर पडला की फोटोत गाल आणि पांढरी कॉलर दोन्ही गुलाबी दिसतात. अशा वेळी मोबाइलमधली टिंटची पट्टी कॉलरकडे बघत थोडी हिरव्याकडे सरकवावी. कॉलर पांढरी झाली की थांबावं. गाल तरीही सावळे असतील, तर ते सावळेच आहेत, आणि तसेच दिसू द्यावेत. पुढे ब्राइटनेस ओढत गेलात, तर मागच्या देवळाचा काळा दगड राखाडी होतो. हात जास्त चालल्याची ती खूण.

गालाला प्रत्यक्ष लागलेला गुलाल मात्र या पट्टीने जात नाही. तो घालवायला गेलं, तर बाकीचा चेहरा हिरवट पडतो. फोटोआधी रुमालाने पुसणं सोपं. राहिलाच एखादा ठिपका, तर तेवढाच खोडावा. आज आलेली पुटकुळीही खोडायला हरकत नाही, पण तीळ आणि जुना व्रण राहू द्यावेत. बघायला आलेल्यांना ते दिसणारच आहेत.